एकाच वर्कबुकची दोन टोकं एकाच वेळी कशी बघायची: स्प्लिट आणि दुसरी विंडो

एक्सेलमध्ये नवीन असताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो वर-खाली करण्यात. चाळिसाव्या ओळीतला आकडा बघायचा, तो डोक्यात धरून हजाराव्या ओळीपर्यंत खाली यायचं, तिथे पोहोचेपर्यंत आकडा ७,४५० होता की ७,५४० अशी शंका येते, आणि पुन्हा वर. मग कोणी आकडे कागदावर लिहून घेतं, कोणी फाइलची प्रत काढून दोन्ही फाइली शेजारी उघडतं. कागद निदान निरुपद्रवी असतो. प्रत मात्र धोक्याची, कारण दुरुस्ती एका फाइलमध्ये होते, दुसरी तशीच राहते आणि चार दिवसांनी खरी कोणती हेच आठवत नाही.

या कामासाठी एक्सेलमध्ये दोन सोयी आहेत आणि दोन्ही `View` टॅबवर एकमेकींच्या जवळच बसलेल्या आहेत: `Split` आणि `New Window`. पहिलीने एकाच विंडोचे कप्पे पडतात. दुसरीने त्याच फाइलची आणखी एक विंडो उघडते. कोणती कधी घ्यायची हे एका उदाहरणातून नीट कळतं, म्हणून हा सगळा लेख एकाच फाइलवर बेतला आहे. पायऱ्या विंडोजवरच्या एक्सेलच्या आहेत, २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी.

आपली फाइल आणि तिच्यातला घोळ

वर्षभराच्या खर्चाची एक फाइल समजा. तिच्यात दोन शीट आहेत. पहिल्या शीटचं नाव `Nondi`. पहिल्या ओळीत शीर्षकं, दुसऱ्या ओळीपासून १,२४१व्या ओळीपर्यंत नोंदी, तारखेच्या क्रमाने. कॉलम A मध्ये तारीख, B मध्ये खर्चाचा प्रकार, C मध्ये तपशील, D मध्ये रक्कम आणि E मध्ये महिन्याचा क्रमांक, १ ते १२. एक ओळ रिकामी सोडून D1243 मध्ये सगळ्या रकमांची बेरीज.

दुसरं शीट `Saransh`. तिथे A2 ते A13 मध्ये महिन्यांचे क्रमांक, B2 ते B13 मध्ये त्या-त्या महिन्याचा खर्च आणि B14 मध्ये वर्षाचा एकूण खर्च.

आता अडचण अशी, की `Nondi` म्हणतं वर्षाचा खर्च ३,१२,४८० आणि `Saransh` म्हणतं ३,०३,८४०. फरक ८,६४० चा. दोन्हींपैकी एक आकडा चुकलेला आहे. तो शोधायचा तर पहिल्या शीटची सुरुवात आणि शेवट, आणि दुसऱ्या शीटवरची सूत्रं, या तिन्हींकडे आळीपाळीने बघावं लागणार.

आधी स्प्लिट: एकाच शीटची दोन टोकं

सुरुवात `Nondi` च्या स्वतःच्या बेरजेपासून करू. D1243 मधलं सूत्र खरंच दुसऱ्या ओळीपासून सुरू होतं का, आणि शेवटच्या नोंदीपर्यंत पोहोचतं का, हे बघायचं आहे. दोन्ही टोकं एकाच शीटवर आहेत, म्हणून इथे स्प्लिट पुरतं.

1. `Nondi` शीटवर जा आणि `Ctrl+Home` दाबून अगदी वर या.
2. सेल A9 वर क्लिक करा. ही निवड महत्त्वाची आहे, तिच्याबद्दल लगेच पुढे सांगतो.
3. `View` टॅबवर `Split` दाबा. कीबोर्डने करायचं तर `Alt` दाबून सोडा, मग `W`, मग `S`.
4. आठव्या ओळीखाली एक आडवा दुभाजक दिसेल. वरच्या कप्प्यात १ ते ८ ओळी, खालच्यात नऊपासून पुढे.
5. खालच्या कप्प्यात कुठेही क्लिक करा आणि डावीकडच्या नावाच्या चौकटीत, म्हणजे जिथे सेलचा पत्ता दिसतो तिथे, `D1243` लिहून एंटर दाबा.

वर पहिल्या आठ ओळी, खाली शेवटची बेरीज. आता D1243 वर डबल-क्लिक करा. सूत्र उघडतं आणि ज्या सेलची बेरीज होते आहे त्यांच्याभोवती रंगीत चौकट उमटते. त्या चौकटीची वरची कड वरच्या कप्प्यात दिसेल आणि खालची कड खालच्या कप्प्यात. आपल्या फाइलमध्ये ती D2 पासून सुरू होते आणि D1241 वर संपते. म्हणजे `Nondi` ची बेरीज बरोबर आहे. `Esc` दाबून सूत्रातून बाहेर या. एंटर नको, कारण चुकून एखादं अक्षर बदललं गेलं असेल तर एंटरने ते कायम होईल.

आता A9 च का, ते. स्प्लिट नेहमी निवडलेल्या सेलच्या वरून आणि डावीकडून पडतं. सेल कॉलम A मध्ये असेल तर त्याच्या डावीकडे काही नसतं, म्हणून फक्त आडवा दुभाजक मिळतो. सेल पहिल्या ओळीत असेल, उदाहरणार्थ D1, तर वर काही नसतं आणि फक्त उभा दुभाजक पडतो, डावीकडे A ते C आणि उजवीकडे D पासून पुढे. सेल मधेच कुठेतरी असेल, समजा D9, तर दोन्ही दुभाजक येतात आणि चार कप्पे होतात. सेल A1 वर असताना दाबलं तरी चार कप्पे होतात, फक्त ते विंडोच्या साधारण मध्यावर. नवख्या माणसाची पहिली गडबड इथेच होते: सेल कुठे आहे हे न बघता बटण दाबलं जातं, चार कप्पे पडतात आणि स्क्रीनवर सगळं चौपट दिसू लागतं. घाबरायचं कारण नाही. `Split` पुन्हा एकदा दाबलं की सगळे दुभाजक जातात. दुभाजक माउसने धरून हलवताही येतो आणि त्यावर डबल-क्लिक केलं की तोही नाहीसा होतो.

चार कप्प्यांचं एक वागणं आधी माहीत असलेलं बरं. वरचे दोन कप्पे खाली-वर एकत्रच सरकतात आणि डावीकडचे दोन आडवे एकत्रच सरकतात. म्हणजे वर डावीकडे जानेवारी आणि वर उजवीकडे डिसेंबर असं ठेवता येत नाही. चार स्वतंत्र खिडक्या मिळाल्या असं वाटतं, पण तसं नसतं. मोठ्या आडव्या-उभ्या तक्त्यात वरची शीर्षकं आणि डावीकडची नावं दोन्ही डोळ्यांसमोर ठेवायची असतील तेवढ्यापुरते चार कप्पे कामाचे. एरवी मी आडवा एक दुभाजकच घेतो.

एक धोका, जो खरोखर नुकसान करतो

स्प्लिट म्हणजे शीटची प्रत नव्हे. दोन्ही कप्प्यांत दिसतं ते एकच शीट. हे वाचताना सोपं वाटतं, पण कामाच्या ओघात डोळा फसतो. वरच्या कप्प्यात आठव्या ओळीपर्यंत दिसतं आहे आणि खालचा कप्पाही वर सरकवून पाचव्या ओळीपासून सुरू केला, तर पाच ते आठ या ओळी स्क्रीनवर दोनदा दिसतात. माझ्या एका सहकाऱ्याने अशाच एका फाइलमध्ये नोंदी दोनदा भरल्या गेल्या आहेत असं समजून खालच्या ‘जादा’ ओळी पुसल्या. त्या जादा नव्हत्या. वरच्या कप्प्यातूनही त्या त्याच क्षणी गेल्या, पण तेव्हा नजर खाली होती. फाइल कोणीतरी आधीच स्प्लिट करून सेव्ह केलेली होती, आणि स्प्लिट फाइलबरोबर सेव्ह होतं.

ओळखायची खूण एकच आणि ती खात्रीची: डाव्या कडेचे ओळींचे क्रमांक. ते वरून खाली वाढत जातात. मधेच ८ नंतर ५ आला, किंवा ८ नंतर एकदम १,२३० आला, तर तिथे दुभाजक आहे. मधले क्रमांक गायब असताना दुभाजकाची रेघ नसेल, तर ओळी लपवलेल्या किंवा फिल्टर केलेल्या असतील, ते वेगळं प्रकरण. पण तोच क्रमांक दोनदा दिसणं फक्त कप्प्यांमुळेच होतं. दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलमध्ये कोणतीही ओळ पुसण्याआधी या क्रमांकांवरून नजर फिरवा.

`Freeze Panes` शी याचा गोंधळ होतो, म्हणून तेही सांगून टाकतो. फ्रीझ केलेला वरचा भाग हलत नाही. शीर्षकं जागेवर ठेवण्यासाठी ते चांगलं. स्प्लिटमध्ये दोन्ही कप्पे आपापले हलवता येतात, म्हणून तुलनेला स्प्लिट. एका शीटवर, एका विंडोत, या दोन्हींपैकी एकच ठेवा.

स्प्लिटचा आणखी एक उपयोग मला रोज होतो. हजारभर ओळींची निवड करायची असते तेव्हा माउस ओढत खाली नेण्याऐवजी वरच्या कप्प्यात पहिल्या सेलवर क्लिक करायचं, आणि `Shift` धरून खालच्या कप्प्यात शेवटच्या सेलवर. मधलं सगळं निवडलं जातं, आणि दोन्ही टोकं समोर असल्याने एखादी ओळ कमी-जास्त झाली का तेही दिसतं.

दुसरी विंडो कधी लागते

आपलं `Nondi` शीट निर्दोष निघालं. आता संशय `Saransh` वर. इथे स्प्लिट थांबतं, कारण त्याचे सगळे कप्पे एकाच शीटचे असतात. वर एक शीट आणि खाली दुसरं असं त्यात होत नाही. दोन शीट समोरासमोर हवी असतील, किंवा एकाच शीटचे दोन भाग वेगवेगळ्या झूमवर बघायचे असतील, तर `New Window` हवं.

आधी मघाचं स्प्लिट काढून टाका. ते ठेवून पुढे गेलं तरी चालतं, पण दोन विंडो आणि त्यात कप्पे, एवढ्या गर्दीत सुरुवातीला हरवायला होतं. मग:

1. `View` टॅबवर `New Window` दाबा, किंवा `Alt`, `W`, `N`.
2. काहीच झालं नाही असं वाटेल, कारण नवी विंडो जुनीवर येऊन बसते. शीर्षकपट्टीत फाइलच्या नावापुढे बघा. तिथे आता `:2` किंवा `- 2` असा आकडा लागलेला असेल, आवृत्तीनुसार. पहिल्या विंडोला १ लागतो.
3. `View` टॅबवर `Arrange All` दाबा. छोटी चौकट उघडते.
4. त्यात `Vertical` निवडा आणि खालच्या `Windows of active workbook` समोर खूण करा. मग `OK`.

चौथ्या पायरीत दोन गोष्टी अडखळवतात. पहिली, शब्द. `Vertical` म्हणजे विंडो एकीखाली एक असं वाटतं, पण प्रत्यक्षात त्या शेजारी-शेजारी लागतात, उभ्या पट्ट्यांसारख्या. एकीखाली एक हव्या असतील तर `Horizontal`. कॉलम कमी आणि ओळी जास्त असतील तर शेजारी, रुंद तक्ता असेल तर एकीखाली एक. दुसरी, ती खूण. ती केली नाही तर उघड्या असलेल्या सगळ्या फाइली रांगेत लागतात, आणि पाच फाइली उघड्या असतील तर प्रत्येकीला स्क्रीनची एक चिंधी मिळते.

दोन विंडो लागल्या की प्रत्येकीवर स्वतंत्र रिबन येतो आणि तो बरीच जागा खातो. `Ctrl+F1` दाबा, रिबन मिटतो, तीच कळ पुन्हा दाबली की उघडतो. स्क्रीन दोन असतील तर `Arrange All` ची गरजच नाही, एक विंडो ओढून दुसऱ्या स्क्रीनवर न्या. २०१३ पासून एक्सेलची प्रत्येक विंडो अशी सुटी असते. एका विंडोतून दुसरीत जायला `Ctrl+F6`.

आता डावीकडच्या विंडोत `Nondi` ठेवा, उजवीकडच्या विंडोत खालच्या टॅबवरून `Saransh` निवडा. ही एकच फाइल आहे. एकीत केलेला बदल दुसरीत त्याच क्षणी दिसतो, सेव्ह एकदाच करायचं असतं, आणि `Ctrl+Z` सुद्धा सामाईक असतं. उजवीकडे उभं राहून `Ctrl+Z` दाबलं तर शेवटची कृती मागे जाते, मग ती डावीकडे केलेली का असेना. हे लक्षात ठेवा, नाहीतर नजरेआड काहीतरी बदलून बसतं.

दोन विंडोंत काय वेगळं असतं, काय सामाईक

या सोयीतला माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग हाच, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. काही गोष्टी शीटच्या असतात आणि काही विंडोच्या. मजकूर, सूत्रं, रंग, कॉलमची रुंदी, लपवलेल्या ओळी, फिल्टर हे सगळं शीटचं, म्हणून दोन्हीकडे सारखंच. डावीकडे फिल्टर लावून फक्त डिसेंबर आणि उजवीकडे त्याच शीटवर फक्त जानेवारी असं बघू म्हटलं तर जमत नाही: दुसरा फिल्टर लावताच दोन्ही विंडो बदलतात. खूप जण इथे अडतात आणि एक्सेल बिघडलं असं समजतात.

पण कोणतं शीट समोर आहे, कुठवर सरकवलं आहे, कोणता सेल निवडला आहे, झूम किती, स्प्लिट आणि फ्रीझ, जाळीच्या रेघा, आणि सूत्रं दाखवायची की उत्तरं, हे सगळं विंडोचं. शेवटचं पुन्हा वाचा. एका विंडोत सूत्रं आणि दुसरीत उत्तरं दाखवता येतात. आपला घोळ यानेच सुटणार आहे.

उजवीकडच्या विंडोत, `Saransh` वर, `` Ctrl+` `` दाबा. ती कळ साधारणपणे १ च्या डावीकडे, `Esc` च्या खाली असते. सापडली नाही तर `Formulas` टॅबवर `Show Formulas` आहे. कॉलम B मध्ये आकड्यांच्या जागी सूत्रं दिसू लागतात, आणि त्या विंडोत कॉलम रुंद होतात. डावीकडची विंडो जशीच्या तशी, आकड्यांसह. B13 मध्ये, म्हणजे डिसेंबरसमोर, हे दिसतं:

```
=SUMIFS(Nondi!$D$2:$D$1200,Nondi!$E$2:$E$1200,A13)
```

सूत्राचा अर्थ सरळ आहे: `Nondi` मधल्या ज्या ओळींत E कॉलममधला महिना A13 इतका, म्हणजे १२ आहे, त्यांच्या D मधल्या रकमा मिळव. आणि पाहा, ते १,२०० व्या ओळीवर थांबतं. डावीकडच्या विंडोत शेवटच्या नोंदीवर जा. तिचा क्रमांक १,२४१. दोन्ही आकडे एकाच स्क्रीनवर, एकमेकांशेजारी आले की उत्तर शोधावं लागत नाही. सूत्रं लिहिली तेव्हा नोंदी १,२०० व्या ओळीपर्यंत होत्या, त्यानंतर आणखी ४१ ओळी भरल्या गेल्या आणि सूत्रांना त्यांचा पत्ताच नाही.

तरी हीच चूक आहे आणि हीच पूर्ण चूक आहे याची खात्री करायला हवी. डावीकडे D1201 वर क्लिक करा, `Shift` धरून D1241 वर क्लिक करा, आणि विंडोच्या खालच्या पट्टीत उजव्या बाजूला `Sum` बघा. ८,६४०. नेमका तोच फरक. तो आकडा ८,५०० निघाला असता तर कुठेतरी दुसरी चूकही दडलेली असती आणि शोध पुढे चालू ठेवावा लागला असता.

बाराही सूत्रं १,२०० वर थांबतात, पण नोंदी तारखेच्या क्रमाने असल्यामुळे राहिलेल्या ४१ ओळी सगळ्या डिसेंबरच्या आहेत, म्हणून झळ फक्त B13 ला. दुरुस्ती मात्र सगळ्यांची करू. उजवीकडच्या विंडोत B2 ते B13 निवडा, `Ctrl+H` दाबा, शोधायच्या जागी `1200`, बदलायच्या जागी `1241` लिहा आणि `Replace All` करा. सेल आधी निवडणं विसरू नका. फक्त एकच सेल निवडलेला असेल तर एक्सेल संपूर्ण शीटवर बदल करतं. बदल २४ व्हायला हवेत असं वाटेल, कारण प्रत्येक सूत्रात १,२०० दोनदा येतो, पण एक्सेल सेल मोजतं, म्हणून संदेशात १२ दिसतील. मग पुन्हा `` Ctrl+` `` दाबा. उजवीकडे B14 मध्ये ३,१२,४८० आणि डावीकडे D1243 मध्येही ३,१२,४८०.

पुढच्या वर्षी हेच पुन्हा होऊ नये म्हणून नोंदींचं `Ctrl+T` ने टेबल करून सूत्रांत टेबलाचे कॉलम द्यावेत. नवी ओळ भरली की टेबल वाढतं आणि सूत्रंही त्याच्याबरोबर. तो वेगळा विषय आहे, इथे एवढंच.

दोन्ही विंडो एकत्र सरकवायच्या असतील तर

कधी तुलना ओळीगणिक करायची असते. जानेवारीतले ठरलेले खर्च आणि डिसेंबरमधले, एकेक करून. तेव्हा दोन्ही विंडोंत `Nondi` च ठेवा आणि `View` टॅबवर `View Side by Side` दाबा. दोनपेक्षा जास्त विंडो उघड्या असतील तर कोणतीशी तुलना करायची ते एक्सेल विचारतं. विंडो एकीखाली एक लागल्या आणि तुम्हाला शेजारी हव्या असतील तर वर सांगितलेलं `Arrange All` पुन्हा करा.

यात `Synchronous Scrolling` आपोआप सुरू होतं: एक विंडो सरकवली की दुसरीही तेवढीच सरकते. आणि इथे नवखा माणूस अडकतो, कारण जानेवारी दुसऱ्या ओळीला सुरू होतो आणि डिसेंबर, समजा, १,१२० व्या ओळीला. एकीत डिसेंबरकडे जाऊ लागलं की दुसरी जानेवारी सोडून पळते. उपाय सोपा आहे. `Synchronous Scrolling` चं बटण दाबून ते बंद करा. एका विंडोत दुसरी ओळ सगळ्यात वर आणा, दुसऱ्या विंडोत १,१२० वी. मग बटण पुन्हा दाबा. आता दोघींमधलं हे अंतर राखून दोन्ही सोबत सरकतात. मात्र एखादी विंडो शीटच्या अगदी वरच्या टोकाला लागली की तिला पुढे जाता येत नाही आणि जुळवलेलं अंतर बिघडू शकतं. तसं झालं तर हेच पुन्हा करा. नोंदी दोन्ही महिन्यांत एकाच क्रमाने नसतील तर हा खटाटोप करू नका. तेव्हा बंद ठेवून हाताने सरकवलेलं बरं.

बटणं फिकी दिसत असतील तर

बहुतेक वेळा एखाद्या सेलमध्ये टायपिंग अर्धवट राहिलेलं असतं. `Esc` दाबा. तरीही `Split` फिकं राहिलं तर `View` टॅबवर डाव्या बाजूला `Page Layout` चालू आहे का बघा. छपाईच्या त्या दृश्यात कप्पे पाडता येत नाहीत. `Normal` निवडलं की बटण परत येतं.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये हेच काम `View` मेनूतल्या `Split Window` ने आणि `Window` मेनूतल्या `New Window` ने होतं. गूगल शीट्समध्ये कप्पे नाहीत. तिथे तीच फाइल ब्राउझरच्या दुसऱ्या विंडोत उघडायची आणि दोन्ही शेजारी लावायच्या.

बंद करताना क्रम पाळा

काम झालं की दोन्ही विंडो उघड्या ठेवून सेव्ह करू नका. तसं केलं तर फाइल पुढच्या वेळी दोन विंडोंसकटच उघडते, आणि ती दुसऱ्या कोणाला पाठवली असेल तर त्याला ‘ही फाइल दोनदा का उघडते’ हे कोडं पडतं.

आणि कोणती विंडो आधी बंद करायची यालाही अर्थ आहे. बऱ्याच आवृत्त्यांत नवी विंडो उघडते तेव्हा जुनीतलं फ्रीझ, झूम आणि जाळीच्या रेघांची निवड तिच्यात येत नाही. ती कोऱ्या मांडणीने उघडते. मग घाईत पहिली विंडो बंद केली आणि दुसरीतून सेव्ह केलं, की सगळ्या शीटवरचं फ्रीझ गेलेलं असतं. आकडे शाबूत राहतात, पण वीस शीटच्या फाइलमध्ये प्रत्येकीचं फ्रीझ पुन्हा लावत बसावं लागतं. म्हणून शीर्षकपट्टीतला आकडा बघा, २ ची विंडो `Ctrl+W` ने बंद करा, १ ची उरलेली आहे आणि तिच्या नावापुढचा आकडा गेला आहे याची खात्री करा, आणि मग `Ctrl+S`.